अनुभव धागा: विद्यार्थ्यांना दिलेल्या फ्लॅटचे खोलीनिहाय भाडे आणि सत्रांचे वेळापत्रक

उंबरठा: महाविद्यालयाजवळचा तीन खोल्यांचा फ्लॅट चार विद्यार्थ्यांना द्यायचा आहे. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे आणि मोठी सुट्टी दोन महिन्यांची आहे. सुट्टीचे भाडे कसे धरावे, खोल्यांचे दर कसे ठरवावेत आणि कोणते नियम लेखी असावेत, याविषयी ज्यांनी असे फ्लॅट भाड्याने दिले आहेत किंवा ज्यांनी त्यांत दिवस काढले आहेत, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

वरचा मजला: सरळ बारा महिन्यांचा करार करावा, म्हणजे प्रश्नच उरत नाही. आम्ही वर्षानुवर्षे असेच करतो आणि आमचे काही अडलेले नाही.

हिशेबी: बारा महिन्यांचा करार कागदावर सोपा वाटतो, मात्र रिकाम्या खोलीचे भाडे भरणारा मुलगा एक तर सुट्टीत परस्पर दुसऱ्याला आणून ठेवतो, नाही तर पुढच्या वर्षी दुसरीकडे जातो. म्हणून मी हिशेब उलट्या बाजूने, म्हणजे वर्षभरात एकूण किती रक्कम हाती यायला हवी तिथून सुरू करतो. समजा ती 1200 आहे. बारा महिने समान भाडे घेतल्यास महिन्याला 100 पडतात. फक्त दहा महिने घेतल्यास 120 पडतात. आणि सुट्टीचे दोन महिने निम्म्या दराने धरल्यास एकूण अकरा पूर्ण भाडी होतात, म्हणजे महिन्याला साधारण 109. मी हा तिसरा मार्ग घेतो, कारण विद्यार्थ्याचे सामान जागेवर राहते, खोली त्याच्या नावावर राहते आणि नव्या वर्षी मला नवे भाडेकरू शोधत बसावे लागत नाही.

खोल्यांचे दर क्षेत्रफळावरून ठरवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मी एकूण रक्कम पक्की करतो आणि प्रारंभीची वाटणी सुचवतो: मोठ्या खोलीतील दोघांना प्रत्येकी 22 टक्के, स्वतंत्र स्नानगृह असलेल्या खोलीला 32 आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या लहान खोलीला 24. त्यानंतर चौघांना समोरासमोर बसवून, कोणालाही दुसऱ्याशी अदलाबदल करावीशी वाटणार नाही इथपर्यंत आकडे वरखाली करायला सांगतो. एका वर्षी लहान खोली कोणीच घेईना, कारण सकाळच्या भांड्यांच्या आवाजाने तिथे झोप होत नसे. ती 21 टक्क्यांवर आणली आणि मोठ्या खोलीतील दोघांनी दीड-दीड टक्का वाढवून घेतला, तेव्हा कुठे जमले.

एका मुलीची आई: आमच्या मुलीला वसतिगृहात जागा मिळालेली नाही. अशा फ्लॅटमध्ये जेवणाची सोय घरमालक करतात का?

उंबरठा: बहुधा नाही, ताई, इथे विषय भाड्याच्या रचनेचा आहे, तरी कोणाला माहिती असल्यास त्यांनी जरूर सांगावे.

शेवटचे वर्ष: मी भाडेकरू म्हणून लिहितो. सुट्टीचे निम्मे भाडे मला मान्य होते; परंतु त्याच काळात घरमालकांनी माझ्या खोलीत पाहुणे उतरवले आणि परतल्यावर माझे कपाट सरकवलेले दिसले. पैसे घेतले असतील तर खोली आमचीच मानावी, आणि रंगकाम करायचे असेल तर तारीख आधी कळवावी, असे करारात लिहिलेले असावे.

हिशेबी: हे योग्यच आहे. खरा तोटा मात्र सुट्टीत होत नाही, तो पहिल्या सत्रानंतर होतो. तेव्हा कोणी सोडून गेला, तर जवळपास सगळ्यांची सोय झालेली असल्याने ती खोली पुढचे पाच महिने रिकामी राहू शकते. म्हणून एका महिन्याची पूर्वसूचना कुचकामी ठरते. मी सूचना सत्रपरीक्षेच्या सहा आठवडे आधी मागतो आणि जाणाऱ्याने बदली भाडेकरू आणल्यास त्याला मोकळे करतो. अनामत रकमेतून शेवटचे भाडे वळते करू देत नाही, अन्यथा तुटलेल्या खिडकीसाठी हाती काहीच उरत नाही.

वरचा मजला: आम्ही चौघांचा एकत्रित करार करतो, त्यामुळे एक गेला तरी उरलेले तिघे भरतात.

शेवटचे वर्ष: कागदावर भरतात. आमच्याकडे तिघांनी एक महिना भरले आणि मग तिघेही निघून गेले.

हिशेबी: तरुणांशी एकत्रित करार करायचा असेल, तर बदली माणूस निवडण्याचा अधिकारही त्यांनाच द्यावा लागतो. वीजमोजणी मात्र खोलीनिहाय करावी. आमच्याकडचे निम्मे वाद त्यानेच मिटले. पाहुण्यांबाबत भेटीगाठींवर बंधन न घालता महिन्यातल्या मुक्कामाच्या रात्री मोजाव्यात, आणि रात्रीच्या शांततेचा नियम परीक्षेच्या दोन आठवडे आधीपासून कडक करावा.

उंबरठा: चौघांच्या परीक्षा वेगवेगळ्या तारखांना असतील, तर ते दोन आठवडे कोणाचे धरायचे?