लवाद एक की अनेक, क्रियापदावरून कळतं का?

> 'लवाद निर्णय देतील' असं लिहिलं की अनेक लवाद आहेत हे आपोआप स्पष्ट होतं.

होत नाही. 'लवाद' आणि 'पक्षकार' या शब्दांचं मूळ रूप एकवचनात आणि अनेकवचनात सारखंच असतं, म्हणून सगळा भार क्रियापदावर येतो. त्यात 'देतील' हे आदरार्थीही असतं, म्हणजे एकच लवाद असला तरी चालतं. 'लवादांनी निर्णय द्यावा' असं लिहिलं तर आणखी पंचाईत. इथे क्रियापद 'निर्णय' या शब्दाप्रमाणे चालतं, लवादाप्रमाणे नाही. मग संख्येची खूण म्हणून उरतं फक्त 'लवादाने'ऐवजी आलेलं 'लवादांनी' हे रूप, आणि तेही आदरार्थी असू शकतं.

मी तपासलेल्या एका करारात 'पक्षकार लवाद नेमतील व लवादांनी दिलेला निर्णय बंधनकारक राहील' असं वाक्य होतं. एक बाजू म्हणत होती, दोघांनी मिळून एकच नेमायचा. दुसरी म्हणे, प्रत्येकाने आपापला. व्याकरण दोघांच्याही बाजूने होतं! शेवटी आम्ही कलमातून आदरार्थी रूप पूर्ण काढलं आणि लिहिलं: 'दोन्ही पक्षकार मिळून एकच लवाद नेमतील. तो लवाद निर्णय देईल.' तीन लवाद हवे असतील तर 'प्रत्येक पक्षकार एक लवाद नेमेल आणि ते दोन लवाद मिळून तिसरा नेमतील' असं लिहावं. 'प्रत्येक'नंतर 'नेमतील' नको. पुढच्या वाक्यांत 'लवाद मंडळ निर्णय देईल' असं नपुंसकलिंगी एकवचन ठेवलं की सदस्य कितीही असोत, क्रियापद बदलावं लागत नाही. फक्त मंडळात किती जण, हा आकडा आधी एकदा लिहिलेला हवा.