अनुभव धागा: परदेशी क्लायंटसाठी बायोत कामाच्या वेळा कशा लिहिता?

मी नाशिकची. पुस्तकांची मांडणी करते. लेखकाचा मजकूर घेऊन छपाईची आणि ई-बुकची फाइल तयार करून देणं हे माझं काम. क्लायंट बहुतेक अमेरिका आणि इंग्लंडमधले. कितीतरी दिवस माझ्या बायोत एकच ओळ होती: भारतीय वेळेनुसार सकाळी १० ते संध्याकाळी ७, गरज पडल्यास इतर वेळीही उपलब्ध. या ओळीत काही चुकीचं आहे असं मला वाटलंच नव्हतं.

मार्च २०२५ मध्ये ते कळलं. न्यूयॉर्कची संपादक, लंडनचा लेखक आणि मी, असा आमचा दर सोमवारी कॉल असायचा. न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ, लंडनला दुपारचे अडीच, माझ्याकडे रात्रीचे आठ. रविवारी ९ मार्चला अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे गेली. सोमवारी संपादकबाई त्यांच्या साडेनऊला आल्या तेव्हा माझ्याकडे सातच वाजले होते. मी आठला बसले. लेखकही आठलाच आला, कारण लंडनचं घड्याळ अजून बदललंच नव्हतं. ते ३० मार्चला बदललं. त्या १० मार्चच्या सोमवारी शेवटची प्रुफं मंजूर होऊन फाइल छापखान्यात जायची होती, ती दोन दिवस लांबली. पुढचे तीन आठवडे लेखकाने स्वतःसाठी दीडची नोंद करून ठेवली आणि ३१ मार्चला तो बिचारा एक तास आधीच येऊन बसला.

त्यानंतर मी ओळ बदलली. आता माझ्या बायोत अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आहे: न्यूयॉर्कच्या घड्याळाने सकाळी ९ ते ११:३० मी नक्की ऑनलाइन असते, वर्षभर. म्हणजे उन्हाळ्यात माझे साडेसहा ते नऊ आणि हिवाळ्यात साडेसात ते दहा. वेळेतला बदल मी माझ्या अंगावर घेतला, क्लायंटला हिशेब करायला लावला नाही. घरचं जेवण हिवाळ्यात साडेसातच्या आत उरकावं लागतं, तेवढी किंमत मला परवडते.

तुमच्या बायोतली ओळ नेमकी काय आहे आणि कशामुळे तशी झाली, ते सांगा.

कोल्हापूर, वेबसाइटचं काम

ताई, मी साडेबारा तास मागे एवढंच लिहितो आणि दोन वर्षांत एकदाही घोळ झालेला नाही. माझा क्लायंट म्हणाला की ही घड्याळं पुढेमागे करायची पद्धत त्यांनी कधीच सोडून दिली आहे. त्यामुळे अमेरिकेपुरता हा प्रश्न संपला असं मला वाटतं. त्याच्या सकाळी आठला माझे रात्री साडेआठ, उन्हाळा असो की हिवाळा. बायोत जेवढं कमी लिहाल तेवढं बरं, लोक वाचत नाहीत.

डब्लिन, सॉफ्टवेअर टीम बघतो

कोल्हापूरच्या दादांचा क्लायंट ॲरिझोनातला असणार, बहुधा फिनिक्स. तिथे घड्याळ बदलत नाही (नावाहो लोकांचा प्रदेश सोडून), म्हणून त्यांचा हिशेब बरोबर येतो. पण तो अमेरिकेचा नियम नाही. न्यूयॉर्कला हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक आणि उन्हाळ्यात साडेनऊ. दादा, उद्या शिकागोचं काम आलं तर ही ओळ तुम्हाला अडचणीत आणेल.

मी दुसऱ्या बाजूने लिहितोय. भारतातल्या फ्रीलान्सरना मी काम देतो, त्यामुळे बायो वाचणारा मी आहे. एका डिझायनरच्या बायोत होतं, दुपारी २ ते ६ IST. आयर्लंडमध्ये उन्हाळ्यातल्या वेळेलाही IST च म्हणतात, आयरिश स्टँडर्ड टाइम. इस्रायलचीही तीच अक्षरं आहेत. मी मराठी माणूस, बारावीपर्यंत साताऱ्यात वाढलेलो, तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात डब्लिनचीच वेळ आली. मी तिला आमच्या अडीचचा कॉल लावला. तिच्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते आणि ती मुलीला आणायला बाहेर पडली होती. तिच्या हिशेबाने ती दोनपासून सहापर्यंत माझ्या निरोपाची वाट बघत होती, म्हणजे माझ्या साडेनऊपासून दीडपर्यंत. चूक कोणाची हे ठरवण्यात अर्थ नव्हता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की तीन अक्षरं लिहू नका. शहराचं नाव लिहा आणि शेजारी UTC+5:30 लिहा. पुणे, UTC+5:30 असं वाचलं की कोणी चुकत नाही.

दुसरं, कॅलेंडरचं. दर आठवड्याचा कॉल ज्या टाइम झोनमध्ये तयार केला, त्या झोनला तो चिकटतो. नाशिकच्या ताईंनी तो Asia/Kolkata मध्ये तयार केला असता तर त्यांचे आठ कायम राहिले असते आणि न्यूयॉर्कची वेळ हलली असती. America/New_York मध्ये केला तर न्यूयॉर्कचे साडेनऊ कायम राहतात आणि बाकीच्यांच्या कॅलेंडरमध्ये वेळ आपोआप सरकते. तुमचा कॉल कॅलेंडरमध्ये होता की नुसता तोंडी ठरला होता?

नाशिक

तोंडीच. पहिल्या आठवड्यात ठरला आणि तसाच चालत राहिला. कॅलेंडरमधल्या झोनचं मला आज कळतंय.

डोंबिवली

मी नऊ वर्षं कॉल सेंटरला रात्रपाळी केली. तुम्ही वेळा लिहिण्याबद्दल बोलताय, पण मुळात रात्री काम करायचंच कशाला? पित्त, झोप, घरातल्यांशी दोन शब्द बोलणं नाही. कंपनीची गाडी दारात यायची आणि भत्ता मिळायचा, तरी शरीराने हिशेब वसूल केलाच. तुम्हाला तर तो भत्ताही नाही. कॅलिफोर्नियाचा क्लायंट घेऊ नका एवढंच सांगेन.

नाशिक

काका, प्रश्न रात्रपाळीचा नव्हता, पण तुमचं म्हणणं बायोशी जोडलेलंच आहे. कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. मी त्यांचं काम घेते, पण थेट बोलण्याची वेळ त्यांच्या सकाळी सात ते साडेआठ अशी लिहिते आणि बाकी सगळं लेखी. हे आधीच वाचून जो येतो, तो रात्री बाराला कॉल मागत नाही.

पुणे, जर्मन भाषांतर

माझी अडचण ऑनलाइन असण्याची नाही, काम पोचवण्याची आहे. शुक्रवारपर्यंत, असं क्लायंट म्हणतो तेव्हा कोणाचा शुक्रवार? न्यूयॉर्कची एजन्सी शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत म्हणते, तेव्हा उन्हाळ्यात माझ्याकडे शनिवारी पहाटेचे साडेतीन असतात. मी सुरुवातीला गुरुवारी रात्रभर जागून माझ्या शुक्रवारी सकाळी फाइल द्यायचे. जवळजवळ पूर्ण दिवस मी उगाच सोडून देत होते हे कळायला वर्ष गेलं. आता बायोत लिहिते की ठरलेल्या दिवशी तुमचं ऑफिस उघडण्याआधी फाइल इनबॉक्समध्ये असेल. न्यूयॉर्कला नऊ म्हणजे माझे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. शांतपणे तपासून देता येतं.

आणि बर्लिनवाल्यांशी बोलताना वेळ अंकात लिहा, २४ तासांच्या घड्याळाने. जर्मनमध्ये हाल्ब आख्ट म्हणजे साडेसात, शब्दशः अर्धा आठ. मी भाषा शिकलेली, मला ते पाठ आहे. पण माझ्या ओळखीच्या एका मुलाने फोनवर ऐकलं आणि आठ ऐकू आलं म्हणून साडेआठ धरलं. आपल्याकडे दीड आणि अडीच आहेत, ते परक्याला जेवढे अवघड, तेवढंच हे.

नागपूर, ग्राफिक्स

ऑस्ट्रेलियाचं उलटं आहे एवढं सांगते. सिडनीत घड्याळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिस्बेनला ते बदलतच नाही. माझे दोन क्लायंट त्या दोन शहरांत, आणि मी दोघांना ऑस्ट्रेलियन वेळ असं लिहायची. आता शहर लिहिते. माझे सकाळचे साडेसहा म्हणजे ब्रिस्बेनला नेहमी अकरा, सिडनीला कधी अकरा, कधी बारा.

सावंतवाडी, व्हिडिओ एडिटिंग

मी नवीन आहे, दीड वर्ष झालंय. तुम्ही सगळे जम बसलेले लोक अडीच तास नक्की असं लिहू शकता. मी तसं लिहिलं तेव्हा दोन महिने एकही उत्तर आलं नाही. कधीही उपलब्ध असं लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी काम मिळालं. योगायोग असेलही, पण घरभाडं योगायोगावर चालत नाही.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे पावसात लाइट जाते, कधी चार तास, कधी रात्रभर. इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप चालतो, पण मोबाइलचा टॉवरही बसला तर काहीच नाही. हे बायोत लिहायचं का? आणि गणपती. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होते, पाच दिवस मी मशीन उघडत नाही, आणि दरवर्षी तारीख बदलते. बायोत कोणता महिना लिहू?

डब्लिन

गणपती बायोत नको. नक्की तारखा घालून एक महिना आधी ईमेल करा आणि ते पाच दिवस कॅलेंडरवर अडवून ठेवा. आम्ही इथे ऑगस्टमध्ये सुट्ट्यांवर जातो, तेही असंच कळवतो. कधीही उपलब्ध या ओळीबद्दल माझं मत वेगळं आहे. मी ती वाचली की पुढे जातो, कारण निरोप टाकल्यावर उत्तर किती वेळात येईल हे तिच्यातून समजत नाही. मला तेवढंच हवं असतं. कामाच्या दिवशी १२ तासांत उत्तर, असं लिहिणाऱ्याला मी निवडतो. पण मी मोठ्या टीमसाठी माणसं घेतो. एकट्या यूट्यूबरला कदाचित तुमचीच ओळ आवडत असेल, ते मी नाकारत नाही.

पुणे

लाइटचं लिहू नकोस असं माझं मत. अजून कामाचा एक नमुनाही न बघितलेल्या माणसाला आधी अडचण का सांगायची? पहिल्या करारात लिही.

नाशिक

मला उलट वाटतं. अडचण नको, सवय लिही: रोज संध्याकाळी प्रोजेक्टची फाइल क्लाउडवर चढवतो, त्यामुळे माझ्याकडे काही अडलं तरी आदल्या दिवसापर्यंतचं काम तुमच्याकडे असतं. व्हिडिओच्या फाइली जड असतात हे खरं, तर निदान प्रोजेक्ट फाइल आणि हलकं प्रिव्ह्यू.

सावंतवाडी

प्रोजेक्ट फाइल चढेल, ती लहान असते. मूळ फूटेज तसंही त्यांच्याकडे असतंच. पण टॉवर बसल्यावर १२ तासांत उत्तर कसं देणार, ते अजून सुटलेलं नाही. बहिणीला कुडाळला फोन करून निरोप टाकायला सांगतो, पण त्यालाही कुठेतरी रेंज लागते.

नाशिक

डब्लिनच्या दादांनी सांगितल्यावर काल सोमवारचा कॉल America/New_York मध्ये नव्याने तयार केला आणि २०२६ चा ऑक्टोबर उघडून बघितला. लंडन २५ ऑक्टोबरला बदलतं, न्यूयॉर्क १ नोव्हेंबरला. मधल्या २६ तारखेच्या सोमवारी कॅलेंडर माझ्यासाठी सात दाखवतंय आणि लेखकासाठी दीड. २ नोव्हेंबरपासून पुन्हा माझे आठ, त्याचे अडीच. लेखकाला आत्ताच कळवून ठेवलंय.