बेर्गामोच्या मेनूतील ‘पोलेंता ए ओसेई’ मराठीत कसे लिहावे?

अनुराधा : इटलीतील बेर्गामो येथे नोकरीस असलेल्या भाच्याने तिथल्या एका खानावळीच्या मेनूचे छायाचित्र पाठवले आहे. माझे दीर आणि जाऊबाई सोलापूरहून तिकडे जाणार असून दोघेही शाकाहारी असल्याने मी त्यांच्यासाठी मराठी यादी करत आहे. ‘पोलेंता’साठी मी ‘मक्याच्या कण्या’ लिहिले, तर जाऊबाई म्हणतात की कण्या ज्वारीच्याच असतात. ‘पोलेंता ए ओसेई’ म्हणजे शब्दशः ‘पोलेंता आणि पक्षी’, म्हणून त्यावर मी काट मारली.

शिवशरण : जाऊबाईंचे बरोबर आहे. आपल्याकडच्या कण्या शिजल्यावरही दाताखाली येतात. पोलेंता करताना मक्याचे भरड पीठ आधणात वैरून पाऊण तास घोटतात आणि गार झाल्यावर त्याच्या वड्याही पाडता येतात. त्यामुळे ‘मक्याची उकड’ हेच जवळचे.

मंदार : पोलेंता आणि आपली पोळी एकाच धातूपासून आलेल्या असाव्यात, असे मला फार दिवसांपासून वाटते. मग ‘मक्याची पोळी’ का नको?

विद्या : मंदार, पोळी मागवणाऱ्याच्या ताटात लापशी आली तर तो तुमच्या धातूला दोष देईल. लॅटिनमध्ये ‘पोलेंता’ म्हणजे कांडून टरफल काढलेल्या जवाची भरड. मका अमेरिकेतून युरोपात गेल्यावर तेच नाव मक्याच्या पदार्थाला चिकटले. जवाचा शब्द मक्याला चालला, तर ज्वारीच्या कण्यांनीच एवढे सोवळे का पाळावे?

अनुराधाताई, तो पदार्थ कोणत्या रकान्यात आहे, हे आधी पाहा. जेवणाच्या रकान्यात असेल, तर पोलेंतावर खरोखरच भाजलेले लहान पक्षी असतात. ‘दोल्ची’, म्हणजे गोड पदार्थांच्या रकान्यात असेल, तर त्याच नावाचा बेर्गामोचा प्रसिद्ध केक समजावा. त्यावर पिवळ्या मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या गोड लगद्याचा थर असतो आणि माथ्यावर चॉकलेटचे पक्षी बसवलेले असतात. मात्र केकमध्ये अंडी असतात.

अनुराधा : तो ‘दोल्ची’खालीच आहे! दीर अंडे खातात, जाऊबाई खात नाहीत.

कुसुम : त्याच मेनूत ‘पोलेंता तारान्या’ आहे आणि त्यात कुट्टूचे पीठ असते, असे वाचले. मग ते एकादशीला चालेल का?

विद्या : कुसुमताई, त्यात मकाही असतो, शिवाय भरपूर लोणी आणि चीज. मेनूवर कुट्टूला ‘ग्रानो साराचेनो’ म्हणतात. ‘ग्रानो’ पाहून कोणी गहू लिहू नये. चीजबद्दल मात्र विचारावेच लागेल, कारण तिकडची पारंपरिक चीजे बहुधा वासराच्या जठरातील रेनेटने दूध फाडून करतात.

शिवशरण : म्हणजे ‘मक्या-कुट्टूची उकड, लोणी व चीज घालून’. कण्या नव्हेच.

अनुराधा : मूळ नाव देवनागरीत ठेवून खाली एक ओळ खुलासा लिहिते. पण त्या ओळीत उकड लिहू की कण्या?

मंदार : पोळीचा विचार करावा.