क्लबहाउसमधले खोके आणि दिवाळीची ऑर्डर (सोसायटी ग्रुप, रविवार, ६ सप्टेंबर २०२६)

*जोशी काका, ए-१०१:* क्लबहाउसमध्ये वीस खोकी कोणाची? पाऊल ठेवायला जागा नाही. सोमवारी १४ तारखेला गणपती बसणार आहे, मांडववाला शुक्रवारी येतोय.

*वैशाली, बी-३०२:* काका, माझीच आहेत. दिवाळी गिफ्टचे रिकामे बॉक्स आहेत, अंबडच्या कंपनीच्या ऑर्डरचे. दोन दिवसांत हलवते. सांगायला हवं होतं, चुकलंच.

*जोशी काका, ए-१०१:* मागच्या वर्षीही दोन दिवसच होते. ते दोन दिवस नवरात्रापर्यंत चालले.

*सुनीता वहिनी, बी-३०४:* बाप्पालाच खोक्यांवर बसवू काका, आरास फुकटात 😄

*प्रसाद, सी-२०४:* वैशालीताई, ऑर्डर तर १५० ची होती ना? मग ५०० बॉक्स?

*वैशाली, बी-३०२:* प्रिंटिंगवाला ५०० च्या खाली छापत नाही म्हणाला. एका बॉक्सचे ३२ रुपये. १०० छापले असते तर नग खूप महाग पडला असता.

*प्रसाद, सी-२०४:* ऑफसेटवर तसंच असतं. मशिनच्या प्लेटा लावायचा खर्च शंभर नगांना आणि हजार नगांना सारखाच. पण मग १५० च्या हिशोबात बॉक्स ३२ चा कसा धरलात? तुम्ही १६,००० दिलेत आणि जाणार १५०. म्हणजे बॉक्स १०७ चा झाला.

*वैशाली, बी-३०२:* उरलेले पुढच्या वर्षी वापरू ना.

*प्रसाद, सी-२०४:* झाकणावर 'शुभ दीपावली २०२६' छापलंय. आत्ता क्लबहाउसमध्ये जाऊन बघून आलो.

*सुनीता वहिनी, बी-३०४:* 🙈

*जोशी काका, ए-१०१:* १४ तारखेला गणपती आहे, परत सांगतो.

*मंगलाताई, बी-१०३:* काका, ऐकलं हो सगळ्यांनी. वैशाली, कोटेशन कितीचं दिलंस?

*वैशाली, बी-३०२:* ३३०, टॅक्ससकट. उटणं, साबण, तेलाची बाटली, लिप बाम मिळून १५०. बॉक्स ३२. आतला कागद आणि रिबीन ८, पॅकिंगच्या बायकांना नगामागे १२, टेम्पो आणि फुटतूट २०. एकूण २२२. साबणाचा जीएसटी मागच्या वर्षी ५ टक्क्यांवर आला, म्हणून ५ धरला. बॉक्समागे नव्वदेक रुपये सुटतात.

*कुलकर्णी काका, ए-४०१:* वैशाली, इथे थांब. साबणाची वडी ५ टक्क्यांत आहे, बरोबर. पण लिप बाम १८ टक्क्यांत आहे. सगळं एका डब्यात घालून एकच किंमत लावलीस, की आतल्या सर्वांत वरच्या दराने पूर्ण डब्याला टॅक्स बसतो. म्हणजे ३३० मधून तुझ्या हातात २८० येतात, ३१४ नाही.

*वैशाली, बी-३०२:* अरे देवा. लिप बाम तर सगळ्यांत छोटी वस्तू आहे हो त्यात.

*कुलकर्णी काका, ए-४०१:* वस्तू छोटी की मोठी हे बघत नाहीत. आता प्रसादचा १०७ धर. खर्च २९७, हातात २८०. दर बॉक्सला १७ रुपये पदरचे घालायचे. १५० बॉक्सला अडीच हजारांच्या वर तोटा.

*जोशी काका, ए-१०१:* आणि जागा सोसायटीची वापरायची. वाः.

*मंगलाताई, बी-१०३:* काका, पोरीचं आधीच नुकसान होतंय, त्यात तुमचं हे कशाला?

*जोशी काका, ए-१०१:* मी नियम सांगितला. बाकी काही नाही.

*प्रसाद, सी-२०४:* बॉक्सचे पैसे तर गेलेच आहेत. ते सोडून बाकी खर्च १९०. म्हणजे प्रत्येक बॉक्समागे ९० उरतात आणि त्यातून आधी १६,००० फिटायचे. १७८ बॉक्स गेले की बरोबरी होते, फायदा त्यानंतर. तुमची कमीत कमी ऑर्डर २०० च हवी. कंपनीला तसं सांगा.

*वैशाली, बी-३०२:* कंपनीच्या एचआर मॅडम म्हणतायत की कदाचित ४०० लागतील. नक्की आकडा दसऱ्याला देतील. ४०० झाले तर सगळंच भरून निघेल.

*मंगलाताई, बी-१०३:* दसरा २० ऑक्टोबरला. दसऱ्याला आकडा कळून उपयोग काय? युनिटमध्ये साबण मी बघते, म्हणून सांगते. आपला साबण कोल्ड प्रोसेसचा. ओतल्यावर सहा आठवडे रॅकवर वाळायला हवा. १२ तारखेला ओतला तर २४ ऑक्टोबरला हातात. २५ ते २७ पॅकिंग, २९ ला अंबडला पोच. ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे, आणि कंपन्यांना निदान आठवडाभर आधी हवं असतं, गावी जाणारे लोक निघायच्या आत वाटायचं म्हणून. १२ नंतर ओतलेला साबण या दिवाळीचा नाही.

*सुनीता वहिनी, बी-३०४:* चार आठवड्यांत काढला तर नाही का चालणार? दिसतो तर छान.

*मंगलाताई, बी-१०३:* दिसतो. पण आत पाणी असतं. वर कागद गुंडाळला की डाग पडतात, आणि हातात घेतला की लवकर विरघळतो. वजनाचीही गोष्ट आहे. गेल्या खेपेला १०० ग्रॅमची वडी कापली होती, वाळून ९१ ची झाली. लेबल आधीच १०० चं छापलेलं. दोनशे लेबलं फाडून नवी लावली मी, रात्री दोन वाजेपर्यंत. आता ११२ ग्रॅमची कापते आणि वाळल्यावर काट्यावर ठेवूनच लेबल लावते.

*वैशाली, बी-३०२:* ताई, मग ४०० वड्या आत्ताच ओतायच्या का?

*मंगलाताई, बी-१०३:* दसऱ्याला १५० च आले तर उरलेल्या अडीचशे कोणाच्या गळ्यात घालणार? उधारीवर साबण ओतू नकोस. त्यांना लिहून दे: १० तारखेपर्यंत आकडा आणि निम्मे पैसे आगाऊ. त्यानंतर वाढवायचे असतील तर साबणाऐवजी उटण्याची दुसरी पुडी. उटणं वाळवायला थांबावं लागत नाही.

*कुलकर्णी काका, ए-४०१:* हे उत्तम. आणि २०० च्या खाली गेले तर ३३० मध्ये जमणार नाही, हेही त्याच मेलमध्ये असू दे. तोंडी नको.

*प्रसाद, सी-२०४:* उरलेल्या बॉक्सचं मी बघतो. झाकणावरून साध्या कागदाचा पट्टा सरकवला की 'दीपावली' झाकली जाते. १०० पट्टेसुद्धा डिजिटलवर छापून मिळतात, त्याला प्लेट लागत नाही. संक्रांतीला लोशन घालून विका. पुढच्या वेळी कोरा बॉक्स घ्या आणि सणाचं नाव पट्ट्यावर.

*जोशी काका, ए-१०१:* १४ तारखेला गणपती आहे आणि खोकी अजून तिथेच आहेत.

*वैशाली, बी-३०२:* काका, आज संध्याकाळी हलवते. मेलही आत्ताच करते.

*जोशी काका, ए-१०१:* आमच्या गॅरेजमध्ये ठेव. गाडी महिनाभर मुलाकडे आहे. किल्ली काकूंकडून घे. फक्त जमिनीवर ठेवू नकोस, ओल येते. लाकडी पाट आहेत आत.

*वैशाली, बी-३०२:* काका 🙏

*वैशाली, बी-३०२:* (रात्री ९.४०) मॅडमचं उत्तर आलं. २२० नक्की, बुधवारी निम्मे पैसे टाकतायत. २९ ऑक्टोबरला सकाळी ११ च्या आत गेटवर हवंय, सिक्युरिटीचा जेवणाचा ब्रेक असतो म्हणे. मंगलाताई, साबण किती ओतायचा?

*मंगलाताई, बी-१०३:* २३५. काही तुटतील, काहींचे कोपरे जातील. आणि पैसे खात्यात आल्याशिवाय नाही.

*प्रसाद, सी-२०४:* २२० ला १९,८०० उरतात. १६,००० वजा. ३,८०० हातात. १५० पेक्षा बरं.

*सुनीता वहिनी, बी-३०४:* पॅकिंगला मी येते. आणि आरास मी करते काका, खोक्यांशिवाय.

*जोशी काका, ए-१०१:* शुक्रवारी सकाळी मांडववाला. सगळ्यांनी लक्षात ठेवा.