बिल थकलंय, गिऱ्हाईक जुनं आहे: पुढचं काम थांबवायचं का?

गारवा_लालबाग
एसी सर्व्हिसिंगचा धंदा आहे आमचा. भाऊ आणि चार पोरं काम करतात, बिलांचं मी बघते. अंधेरीच्या एका क्लिनिकवाल्यांची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, सहा वर्षं आमच्याकडे आहे. ४ जूनला १,२०,००० आणि १८ टक्के जीएसटी असं १,४१,६०० चं बिल दिलं. त्यांच्या पीओवर, म्हणजे कामाच्या लेखी ऑर्डरवर, ३० दिवसांची मुदत. आज २६ ऑगस्ट. त्यांच्या ॲडमिन मॅडमना व्हॉट्सॲपवर पाच वेळा "जेंटल रिमाइंडर" टाकलं. निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. पुढची सर्व्हिस सप्टेंबरात आहे. भाऊ म्हणतो, पोरं पाठवायचीच नाहीत. मला गिऱ्हाईक तोडायचं नाहीये. काय करू?

रोखठोक_मुलुंड
भाऊ बरोबर बोलतोय. नाक दाबलं की तोंड उघडतं. माझं फायर सिलिंडर रिफिलिंगचं काम आहे. मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून माणूस पाठवणं बंद. ज्यांना राहायचं ते पैसे देऊन राहतात. सहा वर्षांच्या संबंधाचं कौतुक तुम्हालाच आहे ताई, त्यांना असतं तर दोन ओळींचं उत्तर आलं असतं.

वसुली_टेबल
ताई, मी साकीनाक्याला एका पॅकेजिंगच्या कारखान्यात १४ वर्षं येणी बघतोय. तुम्ही पाच रिमाइंडर पाठवलेले नाहीत. एकच रिमाइंडर एकाच माणसाला पाच वेळा पाठवलंय. दर वेळी माणूस बदलायला हवा, नाहीतर मागणी तरी. नुसता सूर चढवला की भांडण होतं, पैसे येत नाहीत.

आधी बिल अडलंय कुठे ते शोधा. ॲडमिन मॅडम चेक काढत नाहीत. अकाउंट्सला फोन लावा आणि पैसे मागू नका. एवढंच विचारा: "आमचं ४ जूनचं बिल तुमच्या बुकात एंटर झालंय का?" उत्तर तीनपैकी एक येईल. बिल मिळालंच नाही. मिळालं पण पास झालं नाही. पास झालं पण पैसे सुटत नाहीत. पहिल्या दोन्हींत समोरचा तुम्हाला टाळत नसतो, कागद कुठल्या तरी ट्रेमध्ये पडलेला असतो.

आमचं ठाण्याचं एक गिऱ्हाईक होतं, ७० दिवस वर गेले होते. मालक त्यांच्या मालकांशी फोनवर चढ्या आवाजात बोलून बसले. मी अकाउंट्सच्या पोराला विचारलं तर म्हणाला, बिलावर पीओ नंबर नाही, सिस्टिम घेतच नाही. चूक आमची! नवी प्रत आणि माल पोचल्याचं सही झालेलं चलन पाठवलं, पुढच्या पेमेंटच्या खेपेत पैसे आले. मालकांना मात्र दिवाळीची मिठाई घेऊन जावं लागलं.

थकलेला_सेक्रेटरी
आमच्या सोसायटीत तीन फ्लॅट दोन वर्षं मेंटेनन्स देत नाहीत. नोटीस बोर्डावर नावं लावली तर उलट आम्हालाच वकिलाचं पत्र. इथेही नावं ग्रुपवर टाकून बघा, लाज वाटेल.

वसुली_टेबल
सेक्रेटरीसाहेब, सभासद सोसायटी सोडून जात नाही, गिऱ्हाईक जातं. आणि पत्र तुम्हालाच आलंय, त्यावरून काय ते समजा.

उद्यमवाला
एवढं गोडगोड कशाला? लघुउद्योग म्हणून सरकारकडे उद्यम नोंदणी आहे ना? एमएसएमई कायद्यात सगळ्यांना ४५ दिवस आहेत, ते उलटले. रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लावा आणि थकलेल्या पैशांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. शिवाय ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यांचा खर्च आयकरात धरलाच जात नाही. ईमेलमध्ये एवढंच लिहा, धावत येतील.

आर्टिकलशिप_पार्ले
अर्धं बरोबर आहे. ४५ ही कमाल मर्यादा. लेखी करार नसेल तर १५ दिवसच. ताईंच्या पीओवर ३० आहेत, म्हणजे ३०. पीओवर ९० छापलेले असते तरी ४५ च्या पुढे चाललं नसतं. उशिराच्या पैशाचं हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यमांना नाही आणि निव्वळ माल घेऊन विकणाऱ्यांनाही नाही. ताई सेवा देतात, तेव्हा नोंदणी असेल तर बसतात.

आयकराचं मात्र ऑगस्टमध्ये सांगून काही होणार नाही. तरतूद २०२३च्या अर्थसंकल्पातली आहे. उशिरा का होईना, त्याच आर्थिक वर्षात पैसे दिले तर खर्च त्या वर्षी मिळतो. दात लागतात ते ३१ मार्चला. हे वाक्य फेब्रुवारीसाठी राखून ठेवा, तेव्हा त्यांचा सीएच त्यांना सांगेल.

वसुली_टेबल
तिप्पट व्याज खरं आहे, तेही दरमहा चक्रवाढीने. पण पहिल्याच ईमेलमध्ये लिहिलंत की पत्र अकाउंट्सकडून त्यांच्या वकिलाकडे जातं आणि तिथून कोणी फोन उचलत नाही. माझा क्रम असा: अकाउंट्सचा फोन झाला की त्याच दिवशी ईमेल, बोलण्यात जे ठरलं ते लिहून. "आपण म्हणालात की बिल शुक्रवारी पास होईल. बिल, पीओ आणि सर्व्हिस रिपोर्ट पुन्हा जोडलेत." तारीख त्यांच्या तोंडून काढायची. ती चुकली की भाऊ त्यांच्या मालकांना फोन करेल, तोवर त्याने या विषयात पडायचंच नाही. तेही फसलं तर खातेउतारा पाठवून बाकी सही-शिक्क्यानिशी मान्य करून घ्या. सही द्यायला कोणी नाही म्हणत नाही, आणि दाव्याची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजतात. कायद्याचं कलम त्यानंतरच्या पत्रात.

आणि पोरांना "पैसे कधी देताय" विचारायला सांगू नका. ती मशीन बघायला जातात, त्यांचं तिथलं स्वागत टिकलं पाहिजे.

रोखठोक_मुलुंड
तोवर दिवाळी! ताईंनी २१,६०० जीएसटी खिशातून भरलाय जुलैत. उधारीवर सरकारला पैसे देऊन पुन्हा सप्टेंबरची सर्व्हिस उधार?

वसुली_टेबल
हा मुद्दा मान्य. सप्टेंबरच्या सर्व्हिसचं माझ्याकडेही सरळ उत्तर नाही. एएमसी करारात पैसे थकल्यास काम थांबवण्याची अट आहे का ते आधी वाचा. नसेल आणि तुम्ही गेला नाहीत, तर करार तुम्ही मोडला असं तेच म्हणतील.

गारवा_लालबाग
फोन केला. बिल जूनमध्येच परत आलं होतं! सात मशीनच्या रिपोर्टपैकी दोनवर शाखेच्या माणसाची सही नाही. अकाउंट्सने ते ॲडमिन मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि मॅडमनी आम्हाला कळवलंच नाही. आमचा पोरगा सही न घेता निघून आला होता. उद्या तो जाऊन दोन सह्या घेईल. अकाउंट्सवाले म्हणाले, १० सप्टेंबरच्या खेपेत टाकतो. तसा ईमेल पाठवलाय.

करार काढून वाचला, काम थांबवायची अट नाही. भाऊ तरीही म्हणतो, १० तारखेला पैसे दिसल्याशिवाय शिडी गाडीवर चढणार नाही. सर्व्हिस ८ ला आहे.

रोखठोक_मुलुंड
११ ला घ्या म्हणावं. गाडी बंद पडली सांगा.

वसुली_टेबल
खोटं कशाला? ११ ला येतो म्हणून आजच कळवा, कारण विचारलं तरच सांगा. बहुतेक विचारणार नाहीत.