शब्दचर्चा: फ्युचर्समधील 'मार्जिन', 'मार्क टू मार्केट' आणि सक्तीचे 'स्क्वेअर ऑफ'

लेखनिक

फ्युचर्सच्या, म्हणजे आज ठरवलेल्या भावाने पुढच्या तारखेला माल घेण्या-देण्याच्या सौद्यांच्या, व्यवहारांवरील एका माहितीपुस्तिकेचे संपादन करीत आहे. 'मार्जिन' या शब्दासाठी तिच्यात एका ठिकाणी 'अनामत', दुसऱ्या ठिकाणी 'इसार' आणि तिसऱ्या ठिकाणी 'तारण' असे तीन शब्द आले आहेत. त्यांतला एकच ठेवायचा आहे, पण त्याहून मोठी अडचण पुढील वाक्याची आहे: "मार्जिन वाढवल्यामुळे किंवा मार्क टू मार्केट तोट्यामुळे ग्राहकाला सौद्यातून बाहेर पडावे लागू शकते." तोट्याने पैसे कमी पडतात, हे समजते. परंतु भाव जागच्या जागी असताना केवळ मार्जिन वाढवल्याने चालू सौदा का मोडावा लागावा, हे मला उलगडत नाही. हे दोन निरनिराळे प्रकार आहेत की एकाच गोष्टीची दोन नावे?

उघडझाप

माझे मत 'इसार' या शब्दाला आहे. सौदा ठरवताना थोडी रक्कम द्यायची आणि बाकीची मुदतीला, असाच तो व्यवहार असतो. भाव फिरला तर इसार बुडतो आणि विषय तिथेच संपतो, त्याहून जास्त नुकसान होत नाही. मार्जिन वाढवले तरी ते नव्याने सौदा करणाऱ्याला लागू होते. जुन्या सौद्याचे मार्जिन आधीच भरलेले असल्यामुळे त्याला धक्का लागण्याचे कारण नाही.

खतावणी

उघडझाप यांच्या म्हणण्यात एवढे खरे आहे की सौद्याच्या पूर्ण किमतीच्या मानाने अगदी थोडी रक्कम भरून सौदा उभा राहतो. बाकी तिन्ही विधाने सोडून द्यावी लागतील. इसार हा किमतीचा पहिला हप्ता असतो. मार्जिन किमतीत वळते होत नाही आणि ते विकत घेणारा व विकणारा अशा दोघांनाही भरावे लागते. ते तोट्याची कमाल मर्यादा तर मुळीच नव्हे, कारण खात्यातली रक्कम संपल्यावरही सौदा उघडा राहिला तर पुढचा तोटा ग्राहकाच्या अंगावर देणे म्हणून येतो. तिसरे विधान सर्वांत घातक आहे. वाढवलेले मार्जिन बहुधा चालू सौद्यांनाही लागू होते, आणि लेखनिकांच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

प्रत्यक्ष घडलेले उदाहरण घेऊ. २०११ च्या एप्रिल-मे महिन्यांत शिकागोच्या सीएमई समूहाने कॉमेक्स या आपल्या वायदेबाजारातील चांदीच्या फ्युचर्सचे मार्जिन सुमारे दोन आठवड्यांत पाच वेळा वाढवले. एका सौद्यात ५,००० औंस चांदी असते, म्हणजे भाव एका डॉलरने हलला की सौद्यामागे ५,००० डॉलर इकडचे तिकडे होतात. सट्टेबाज ग्राहकाला सौदा उघडताना लागणारे आरंभीचे मार्जिन या काळात ११,७४५ डॉलरवरून २१,६०० डॉलरवर गेले. खात्यातली रक्कम ज्या पातळीच्या खाली जाऊ द्यायची नाही, ते मेंटेनन्स मार्जिन ८,७०० वरून १६,००० डॉलर झाले.

आता एक काल्पनिक ग्राहक समजू. मेंटेनन्स १२,००० आणि आरंभीचे मार्जिन १६,२०० डॉलर असताना त्याने खात्यात २०,००० डॉलर ठेवून एक सौदा विकत घेतला. पहिल्या दिवशी भाव ६० सेंटने उतरला. दिवसअखेरच्या भावाने हिशेब होऊन त्याच्या खात्यातून ३,००० डॉलर वजा झाले आणि समोरच्या बाजूच्या खात्यात जमा झाले. हा झाला मार्क टू मार्केट, आणि तो कागदावरचा तोटा नसतो, रोख रक्कम खरोखर हात बदलते. दुसऱ्या दिवशी ४० सेंट उतरले, आणखी २,००० गेले. खात्यात १५,००० उरले. मेंटेनन्स १२,००० असल्यामुळे अजून कोणाचा फोन येणार नाही. भाव आणखी ६० सेंटने पडेपर्यंत त्याला श्वास आहे.

यानंतर भाव एक सेंटही हलला नाही असे धरा. मेंटेनन्स १४,००० झाले तेव्हा त्याची जागा ६० सेंटवरून २० सेंटवर आली. पुढच्या वाढीत मेंटेनन्स १६,००० झाले आणि खात्यात तर १५,०००च आहेत. त्याचे एका पैशाचेही नवे नुकसान झालेले नाही, तरी तो कमी पडला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे तूट निघाली की मेंटेनन्सपर्यंत नव्हे, थेट आरंभीच्या पातळीपर्यंत भरणा करावा लागतो. म्हणून मागणी १,००० डॉलरची न येता ६,६०० डॉलरची येते. एकच सौदा असल्यामुळे अर्धा कापून भागवण्याची सोय नाही. पैसे भरले नाहीत तर ब्रोकर सौदा स्क्वेअर ऑफ करतो, म्हणजे उलटा सौदा करून तो बंद करतो.

थोडक्यात, मार्क टू मार्केट खात्यातली रक्कम खाली ओढतो आणि मार्जिनवाढ खालची जमीन वर उचलते. बाहेर पडावे लागण्याचे कारण दोन्हींत एकच, ते म्हणजे तूट. पण पहिल्यात पैसे गेलेले असतात आणि दुसऱ्यात ते खात्यातच असून अपुरे ठरतात.

लेखनिक

६० सेंटची जागा २० वर आली, हा हिशेब पुस्तिकेत घालण्यासारखा आहे. मात्र तुमचे उदाहरण कृत्रिम वाटते. मार्जिन वाढत असताना भाव स्थिर राहतो का?

खतावणी

राहत नाही. दोन परिणाम वेगळे दिसावेत म्हणूनच तो स्थिर धरला. प्रत्यक्षात एप्रिलअखेरीस ४८ डॉलरच्या आसपास असलेली चांदी मेच्या पहिल्या आठवड्याअखेरीस ३५ च्या आसपास आली. तेरा डॉलरची घसरण म्हणजे सौद्यामागे ६५,००० डॉलर. वीस हजार घेऊन उतरलेल्याला पाचवी वाढ पाहायलाही मिळाली नसेल. जमीन वर येत होती आणि छत खाली येत होते.

दोनटक्के

या मार्जिनवर व्याजाचा दर काय असतो? माझ्या शेअरच्या मार्जिन खात्यात ब्रोकरने अर्धी रक्कम घातली आहे आणि तो दर महिन्याला व्याज कापतो. व्याज परवडेनासे झाले की लोक बाहेर पडतात, एवढाच या वाक्याचा अर्थ असावा असे मला वाटले होते.

खतावणी

आपण म्हणता ते शेअर खरेदीसाठी घेतलेले कर्ज आहे, म्हणून त्यावर व्याज लागते. फ्युचर्समध्ये कोणी कोणाला कर्ज दिलेले नसते. दोन्ही बाजूंनी हमी म्हणून पैसे ठेवलेले असतात. पुस्तिकेत हा फरक एका वाक्यात यावा, कारण हा घोळ नेहमी होतो.

कापूसकोंडा

माझा अनुभव वेगळ्या बाजूचा आहे. आमची जिनिंग आहे. गोदामात गाठी पडून होत्या आणि भाव पडू नये म्हणून आम्ही तेवढ्याच मालाचे फ्युचर्स विकून ठेवले होते. भाव चढू लागला. गोदामातला माल महाग झाला म्हणून सगळे अभिनंदन करीत होते, आणि माझ्या खात्यातून मात्र रोज रक्कम जात होती, कारण विकलेल्या बाजूचा मार्क टू मार्केट तोटा त्याच रात्री द्यावा लागतो. गाठींवरचा नफा गाठी विकल्याखेरीज हाती येत नाही. त्यात मार्जिनही वाढले. बँकेने मर्यादा वाढवून देण्यास वेळ लावला आणि ब्रोकरने निम्मे सौदे कापले. पुढे भाव खाली आला तेव्हा उरलेल्या निम्म्याच मालाला संरक्षण होते. त्यामुळे 'सट्टेबाजाला बाहेर पडावे लागते' असे लिहू नका. मी सट्टा करीत नव्हतो.

उघडझाप

मग हेजिंगचा, म्हणजे मालाच्या भावाला असे संरक्षण घेण्याचा, उपयोग काय? नफा-तोटा फिटत असेल तर ब्रोकरने गोदामाकडे पाहून थांबायला हवे होते.

खतावणी

ब्रोकर गोदामाकडे पाहू शकत नाही. बाजारातील सर्व सौद्यांचा हिशेब मिटवणारे क्लिअरिंग हाउस त्याच्याकडे ठरलेल्या वेळी रोख रक्कम मागते, आणि ग्राहकाने दिली नाही तर ती त्याला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. बाजाराने ठरवलेले मार्जिन हे किमान असते. ब्रोकर आपल्या ग्राहकाकडून त्याहून जास्त मागू शकतो आणि करारात बहुधा विनासूचना सौदा कापण्याचा अधिकार लिहून घेतलेला असतो.

कापूसकोंडा यांच्याबाबत घडले ते मोठ्या प्रमाणावर १९९३ मध्ये मेटालगेसेलशाफ्ट या जर्मन कंपनीच्या अमेरिकी उपकंपनीबाबत घडले. तिने ग्राहकांना दीर्घ मुदतीसाठी ठरावीक भावाने इंधन देण्याचे करार केले आणि त्यांच्या संरक्षणासाठी नजीकच्या मुदतीचे तेलाचे फ्युचर्स विकत घेतले. तेल उतरले. फ्युचर्सवरचा तोटा रोज रोखीत मागितला जाऊ लागला आणि करारांवरचा फायदा पुढच्या वर्षांत मिळायचा होता. शेवटी कंपनीने सौदे मोडले. तोटा अब्जाहून अधिक डॉलरचा झाला. पैसे पुरवत राहिले असते तर योजना तरली असती की ती मुळातच चुकीची बांधली होती, यावर अर्थशास्त्रज्ञांत एकमत झालेले नाही.

उघडझाप

चांदीचेही तेच म्हणता येईल. मार्जिन वाढवूनच भाव पाडला, असे कितीतरी लोक मानतात.

खतावणी

मानतात खरे. भावाची रोजची हालचाल वाढली की एका दिवसाच्या संभाव्य तोट्याचा अंदाज वाढतो आणि त्यानुसार मार्जिन वाढवावे लागते, ही बाजाराची बाजू. वाढीमुळे कमजोर खाती विकायला लागली आणि त्या विक्रीने घसरण वाढली, ही दुसरी बाजू. मला दोन्ही एकाच वेळी खऱ्या वाटतात, पण किती वाटा कशाचा हे मी सांगणार नाही.

लेखनिक

'इसार' काढून टाकतो. 'अनामत' ठेवावे का? वाक्य असे केले आहे: "मार्जिन ही सौद्यातील जबाबदारी पार पाडण्याची हमी म्हणून ठेवलेली रक्कम आहे; रोजचा तोटा तिच्यातून वळता होतो, तिची आवश्यक पातळी चालू सौद्यांसाठीही वाढवली जाऊ शकते आणि तूट वेळेत न भरल्यास ब्रोकर सौदा बंद करू शकतो."

कापूसकोंडा

अनामत नको. अनामत ठेवली तेवढीच परत मिळते, असे वाचणाऱ्याच्या मनात येते. सरळ 'मार्जिन' लिहा. आणि 'वेळेत' म्हणजे किती, ते ग्राहकाने ब्रोकरच्या करारात पाहावे असे त्याच परिच्छेदात घाला. मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुदत आहे असे वाटत होते. करारात सकाळी बाजार उघडण्यापूर्वी असे होते.

खतावणी

तेही घाला, आणि खात्याच्या विवरणपत्रात कोणते दोन आकडे पाहायचे तेही: एकूण शिल्लक आणि मेंटेनन्स मार्जिन. एकच सौदा असेल तर दोहोंतल्या फरकाला ५,००० ने भागले की चांदीचा भाव आणखी किती हलल्यास तूट निघेल ते कळते. मार्जिनवाढीचे परिपत्रक आले की नव्या आकड्याने तोच भागाकार पुन्हा करायचा. परिपत्रकात वाढ कोणत्या दिवसाच्या बाजार बंद झाल्यापासून लागू आहे तेही दिलेले असते. सौदे स्वतःच्या हाताने कमी करायचे असतील तर तेवढाच अवधी मिळतो.