मदत हवी आहे: बीपी मशीनच्या पुस्तिकेतल्या पायऱ्या सोप्या करायच्या आहेत

शाईपेन: आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ मंडळाने दंडाचं बीपी मशीन घेतलंय. पुस्तिकेतलं मराठी असं: "कफ कोपराच्या २ ते ३ सेमी वर गुंडाळून, मापनापूर्वी ५ मिनिटे विश्रांती घ्यावी व START/STOP बटण दाबावे." एका काकूंनी थेट कोपरावरच गुंडाळला. दुसऱ्या म्हणाल्या, "मला कफ नाहीये, फक्त बीपी आहे." भिंतीवर लावायला कागद करायचाय. कसा लिहू?

मोडीलिपी: एका पायरीत एकच क्रिया, एवढं पाळा. बाकी आपोआप जमतं.

गॅरेजवाला: वडिलांचं सकाळी १५० येतं, संध्याकाळी १३०. मशीन बदलू का?

शाईपेन: दादा, ते डॉक्टरांना विचारा. इथे कागदाचं चाललंय.

तळटीप: दहा वर्षं पुस्तिका लिहितेय. तुमच्या वाक्यात विश्रांती गुंडाळण्यानंतर येते, आणि माणूस वाचेल त्या क्रमाने करतो. 'पूर्वी', 'करून', 'असल्याची खात्री करून' दिसलं की वाक्य तोडा आणि जे आधी करायचं ते आधी लिहा. 'वर'सुद्धा फसवा शब्द आहे, काकूंचं काही चुकलं नाही. मी असं लिहीन:

१. खुर्चीला पाठ टेकून बसा. दोन्ही पाय जमिनीला टेकवा. ५ मिनिटं शांत बसा.
२. बाही वर करू नका. बाहीतून हात काढून दंड उघडा करा.
३. दंडाला पट्टा गुंडाळा. कोपराची घडी आणि पट्टा यांत दोन बोटं जागा सोडा.
४. हात टेबलावर ठेवा. पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला हवा.
५. START/STOP एकदाच दाबा. पट्टा आवळू लागेल. आकडे थांबेपर्यंत बोलू नका.

'एकदाच' मुद्दाम आहे. पट्टा आवळला की लोक घाबरून पुन्हा दाबतात आणि मोजणं बंद पडतं. पुढे काय होणार हे सांगितलं की हात थांबतो.

मोडीलिपी, पहिल्या पायरीत तीन क्रिया आहेत. त्या तोडल्या तर कागद पंधरा पायऱ्यांचा होईल आणि वाचणारा मध्येच हरवेल. जिथे थांबून बघावं लागतं तिथे नवा आकडा द्या.

मोडीलिपी: मान्य. पण बाहीचं 'करू नका' कशाला? नकार वाचताना निसटतो.

तळटीप: खरंय, ते काढा. 'बाहीतून हात काढा' पुरे.

शाईपेन: आणि अर्धा तास आधी चहा नको, हे पुस्तिकेत शेवटच्या पानावर आहे!

तळटीप: पायऱ्यांच्या वर, ठळक. मशीनपाशी आल्यावर कळून उपयोग नाही, म्हणून मंडळाच्या निरोपातही घाला.

शाईपेन: आज त्याच काकूंना कागद दिला, मी गप्प बसले. तीनपर्यंत बरोबर. चौथीला अडल्या: "छातीचा मध्य म्हणजे नेमका कुठे?" ब्लाउजचं दुसरं बटण म्हणावं, तर पुरुषांना काय सांगू?

मोडीलिपी: चित्र काढा.

तळटीप: चित्र काढाच. शब्द मलाही अजून सापडलेला नाही.